'सुटला' म्हणा, 'सोडला' नको

प्रश्न: आमच्या शाळेचा १४ वर्षांखालील क्रिकेट संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यात २ गडी राखून हरवला गेला. शेवटच्या ओव्हरमध्ये सातवीतल्या एका मुलानं कॅच सोडला आणि पुढच्याच चेंडूवर ते जिंकले. तेव्हापासून तो मुलगा शाळेत आलेला नाही. शनिवारी संघाला धीर देणारी छोटी कविता वाचा, असं मुख्याध्यापकांनी मला सांगितलं आहे. मी मराठी शिकवते, कविताही लिहिते, पण या वेळी प्रत्येक ओळ 'हार-जीत चालायचीच' इथंच येऊन थांबते. काय लिहू आणि कसं?

ताई, तुम्हाला हवी असलेली ओळ शाळेच्या स्कोअरबुकात आहे. ते अजून उघडलं नसेल तर आजच क्रीडाशिक्षकांकडून मागून घ्या. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली बावीस वर्षं शाळेच्या संघाचा स्कोअरही लिहिला. हरलेल्या मुलांसाठी लिहिताना मी जी चूक केली होती, तिच्या वाटेवर तुम्ही आत्ता आहात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या एका शब्दाबद्दल बोलू. 'कॅच सोडला' असं तुम्ही सहज लिहून गेलात. मैदानावर सगळेच तसं म्हणतात. पण आपल्या भाषेत 'सोडणं' आणि 'सुटणं' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. सोडतो तो कर्ता असतो, त्याच्या मनात असतं म्हणून तो सोडतो. सुटतो तो चेंडू. बारा वर्षांच्या मुलानं गेल्या दोन-तीन दिवसांत 'सोडलास' हा शब्द किती वेळा ऐकला असेल याचा अंदाज करा, म्हणजे तो घरी का बसलाय ते कळेल. तुमच्या कवितेचं पहिलं काम या एका क्रियापदापासून सुरू होतं. झेल सुटला. संघाशी बोलताना, इतर शिक्षकांशी बोलताना, सगळीकडे तसंच म्हणा. मुलं फार लवकर उचलतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. झेल किती कठीण होता, तो मुलगा शनिवारपर्यंत येईल का, त्याला बोलणी कुणी लावली (सोबत्यांनी, पालकांनी की कुणी शिक्षकानं), आणि संघातली किती मुलं या वर्षी १४ ओलांडतात, हे तुम्हाला शोधावं लागेल. यातल्या प्रत्येक उत्तरानं एखादी ओळ बदलते. कुठे, ते पुढे येईलच.

आता माझी चूक सांगतो. आमचा १४ वर्षांखालचा संघ जिल्ह्याच्या आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होता. २५ षटकांचा सामना, मातीची विकेट. समोरच्यांनी ११८ केल्या. आम्ही ११४ वर सर्वबाद झालो. शेवटच्या षटकात ८ हव्या होत्या, पहिल्या तीन चेंडूंत २ आल्या. चौथ्या चेंडूवर एक धाव पूर्ण झाली आणि दुसरीसाठी पळताना आमचा अकरावा फलंदाज धावचीत झाला. तोही सातवीतलाच होता, संघात गोलंदाज म्हणून घेतलेला. बसमध्ये मुलं एकमेकांशी बोलत नव्हती. दुसरी धाव कशाला घेतली, हा एकच प्रश्न मागच्या सीटवर चालू होता.

मी त्याच रात्री बसून लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठात सगळ्या शाळेसमोर वाचलं. त्यातलं पहिलं कडवं असं होतं:

हार-जीत खेळातली,
मनाला ती लावू नका,
उद्या जिंकू आपणच,
हसा आता, रडू नका.

छंद बरोबर आहे, यमक जुळतंय (तेही 'नका' नि 'नका' असंच), आणि चारपैकी एकही ओळ त्या मुलांच्या उपयोगाची नाही. दोन ओळींत आज्ञा आहेत. मनाला लागलेलंच होतं, त्यामुळे 'लावू नका' म्हणजे 'तुमचं हेही चुकलं' असं सांगण्यासारखं झालं. पहिल्या ओळीत असं काहीच नाही जे कबड्डीला किंवा वक्तृत्व स्पर्धेला चालणार नाही. आणि तिसरी ओळ सरळ खोटी होती. संघातली सात मुलं त्या वर्षी वयाची अट ओलांडणार होती. शालेय क्रिकेट वयोगटांत चालतं. मुंबईतसुद्धा गाइल्स शील्ड १४ वर्षांखालच्यांची आणि हॅरिस शील्ड १६ वर्षांखालच्यांची. एका गटातून बाहेर पडलेल्या मुलाला त्या करंडकासाठी पुन्हा खेळता येत नाही. त्या सात जणांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी 'उद्या' म्हणालो तेव्हा कप्तान खिडकीबाहेर बघायला लागला.

सगळ्यात वाईट झालं ते वेगळंच. कविता संपल्यावर सगळी शाळा मागे वळून त्या अकराव्या मुलाकडे बघू लागली. कुणी हसलं नाही, पण बघितलं. तोवर अर्ध्या शाळेला माहीतही नव्हतं की शेवटी कोण बाद झालं. माझ्या सांत्वनानं ते सगळ्यांना कळलं.

त्या दुपारी मी स्कोअरबुक उघडलं, ते मीच लिहिलेलं होतं. शाळेच्या साध्या स्कोअरबुकात फलंदाजांच्या नावांखाली एक आडवा पट्टा असतो, कितव्या धावेवर कितवा गडी बाद झाला त्याचा. नवव्या गड्याच्या खाली मीच लिहिलं होतं: ९२. मग मी मागे जाऊन मोजलं. २०.१ षटकांत ९ बाद ९२. तिथून २४.४ षटकांपर्यंत शेवटची जोडी टिकली, म्हणजे २७ चेंडू. जोडीनं २२ धावा जोडल्या. त्यात अकराव्याच्या ३, त्याच्या जोडीदाराच्या १६ आणि ३ अवांतर. अकराव्यानं स्वतः ११ चेंडू खेळले, आणि त्यातला एकही यष्टीवर जाऊ दिला नाही.

हे आकडे मी लिहितानाही पाहिले होते, पण वाचले नव्हते. तो मुलगा पहिल्याच चेंडूवर बाद झाला असता तर आम्ही २६ धावांनी हरलो असतो. ते अंतिम सामन्यातलं साधं हरणं झालं असतं, कुणी त्याच्याबद्दल बोललं नसतं. सामना चार धावांपर्यंत आला, चुरशीचा झाला, मुलांना रडू येण्याइतका जवळ आला, तो त्याच्यामुळे आणि त्याच्या जोडीदारामुळे. ज्याच्यावर ठपका होता, त्याच मुलानं सामना तिथवर आणला होता. हे मी त्याला बरं वाटावं म्हणून म्हणत नव्हतो, ते वहीत होतं. मुलं मोठ्यांच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत, पण स्कोअरबुकावर ठेवतात.

एक सावधगिरी इथेच सांगतो. स्कोअरबुक आरोपही करतं. त्याच वहीत असंही होतं की समोरच्यांच्या ११८ धावांत २१ अवांतर होत्या आणि त्यातले १७ वाईड आमच्या दोन गोलंदाजांचे. चार धावांनी हरलेल्या सामन्यात हा आकडा दिसला की हात शिवशिवतो. 'एकट्या त्याचाच दोष नाही, वाईडही बघा' असं म्हणण्याचा मोह होतो. कवितेत तर नाहीच, बोलतानाही ते म्हणू नका. एकाचं ओझं उतरवून दोघांच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होतं. वाईडचं काम प्रशिक्षकांचं, आणि ते पंधरा दिवसांनी सरावात.

मग मी पुन्हा लिहिलं. छंद तोच ठेवला, अष्टाक्षरी. तुम्ही कविता लिहिता म्हणजे तुम्हाला हे माहीत असेलच, तरी का निवडला ते सांगतो. आधी मी भुजंगप्रयात करून पाहिलं होतं, कारण मनाच्या श्लोकांमुळे ती चाल सगळ्या मुलांच्या कानात असते. पण त्यातच दोन अडचणी निघाल्या. एक म्हणजे त्या चालीत काहीही म्हटलं तरी ते उपदेशासारखं ऐकू येतं, आणि उपदेश तर मला टाळायचा होता. दुसरं म्हणजे त्या वृत्तात लघु, गुरु, गुरु असाच क्रम चारदा यावा लागतो, दोन लघु शेजारी येत नाहीत. 'अकरावा' या शब्दात सुरुवातीचे 'अ' आणि 'क' दोन्ही लघु, तो बसतच नाही. 'धावचीत'ही सहज बसत नाही. ज्या कवितेत अकरावा आणि धावचीत हे शब्द सहज येऊ शकत नाहीत, ती आमच्या सामन्याची कविता कशी होणार? अष्टाक्षरीत फक्त अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं, पाय मोडलेलं अक्षर धरायचं नाही. लघु-गुरूची कटकट नाही, त्यामुळे आकडे, बॅट, पॅड, किट बॅग असं काहीही आत येऊ शकतं. चालही ओवी-अभंगाच्या घरातली, आवाज चढवावा लागत नाही.

पूर्ण कविता अशी झाली:

पाच धावा हव्या होत्या,
दोन चेंडू होते हाती,
रेषेच्या अलीकडेच
लागली बॅटीला माती.

पॅड तसेच पायात,
कोणी काढलेच नाही,
रडू आले, येऊ दिले,
बोललो ना आम्ही काही.

ब्याण्णवला नऊ गेले,
ढोल वाजाया लागला,
अकरावा आत आला,
सामना पुन्हा जागला.

बावीस धावांचे मोल
गप्प ढोलांनी जाणले,
सव्वीस होते अंतर,
चारावरती आणले.

किट बॅग जड आहे,
दोघे लागतात तिला,
सोमवारी नेटपाशी
कोण धरतो पहिला?

आता एकेक कडवं का तसं आहे ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या सामन्यासाठी ते बदलता येईल.

पहिल्या कडव्यात हरणं पहिल्याच ओळीत आहे. ते लपवलं तर मुलं बाकीची कविता ऐकत नाहीत, मुद्दा कधी येतो याचीच वाट बघत बसतात. चार धावांनी हरलो असताना मी 'पाच' लिहिलं, कारण ११४ वर असताना जिंकायला पाच लागतात. हा हिशेब चुकवू नका. आठवीतला मुलगा कवितेत दुसरं काही तपासणार नाही, पण हे तपासेल, आणि चुकलं तर सरांना सामना कळलाच नाही असं ठरवून मोकळा होईल. शेवटच्या दोन ओळींत मुलगा कुठेच नाही. रेष आहे, बॅट आहे, माती आहे. धावचीत होताना त्यानं बॅट पुढे टाकली होती आणि ती क्रीजच्या अलीकडे घासली, हे मी पाहिलं होतं. नुकसान सांगणाऱ्या ओळीचा कर्ता मी वस्तूला केला. 'सुटला' आणि 'सोडला' यातला जो फरक आहे, तोच इथे ओळीच्या पातळीवर.

दुसरं कडवं रडण्याला जागा देण्यासाठी आहे. सामना संपल्यावर पाऊण तास मुलांनी पॅड काढले नव्हते, हे सगळ्यांना आठवत होतं. त्या कडव्यात 'आम्ही' म्हणजे शिक्षक, आणि 'बोललो ना आम्ही काही' हे लिहिताना मी परिपाठातल्या माझ्या 'रडू नका'ची परतफेड करत होतो. हे कडवं वाचण्याआधी मी मुलांना १९९१ची रणजी करंडकाची अंतिम लढत सांगितली. वानखेडेवर हरियाणाविरुद्ध मुंबईला जिंकायला ३५५ हव्या होत्या. दिलीप वेंगसरकर नाबाद १३९ वर उभे होते, शेवटचा फलंदाज धावचीत झाला आणि मुंबई ३५२ वर थांबली, २ धावांनी हरली. शंभराहून अधिक कसोटी खेळलेले वेंगसरकर मैदानातच रडले. मी एवढंच सांगितलं. पुढे मुंबईनं रणजी करंडक पुन्हा जिंकला, हे जोडलं नाही, कारण ते जोडलं की रडणं ही जिंकण्याची पहिली पायरी असल्यासारखं होतं. ते फक्त रडले, आणि ते बरोबर होतं, एवढंच मुलांना ऐकायचं होतं. हा प्रसंग कवितेत घालू नका मात्र. कवितेत मोठ्या खेळाडूचं नाव आलं की कविता त्याची होते. बोलताना सांगा, ओळींत आपलीच मुलं ठेवा.

तिसरं आणि चौथं कडवं म्हणजे स्कोअरबुकातला तो पट्टा. इथे मात्र माणूस समोर आणला. 'अकरावा' या शब्दात मुलगा स्पष्ट आहे, नाव नसलं तरी. त्यानं केलेलं काम सांगताना त्याला लपवायचं कारण नाही. ९ बाद ९२ झाल्यावर समोरच्या शाळेच्या मुलांनी खरंच ढोल काढला होता आणि धावा वाढत गेल्या तसा तो बंद पडला होता. हा तपशील मला आठवत नव्हता, आमच्या यष्टिरक्षकानं सांगितला. म्हणून लिहिण्याआधी दोन-तीन मुलांना एकेकटं गाठून विचारा, 'सामन्यातलं काय आठवतं?' हरल्याबद्दल विचारू नका, फक्त आठवतं काय ते विचारा. पहिली दोन उत्तरं शेवटच्या चेंडूबद्दल असतील, तिसऱ्यापासून कामाचं मिळायला लागतं.

या दोन कडव्यांत शब्द मोठे करायचा मोह आवरा. पहिल्या कच्च्या खर्ड्यात मी 'अकरावा वीर आला' लिहिलं होतं. नुसत्या वाचनात ते बरं वाटलं, पण त्या मुलाच्या जागी बसून वाचल्यावर कळलं की 'वीर' शब्दानं तो अवघडणार आणि बाकीचे कोपरानं ढोसणार. 'आत आला' हे क्रिकेटमधलं रोजचं बोलणं आहे. एवढ्यानं पुरतं, कारण पुढचा आकडाच बोलतो.

शेवटचं कडवं लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. 'पुन्हा जिंकू' म्हणता येत नव्हतं, कारण सात मुलं जाणार होती. 'तुम्हीच खरे विजेते' म्हणता येत नव्हतं, कारण खरे विजेते दुसऱ्या शाळेत होते आणि ते चांगले खेळले होते. मग मी भविष्याचं आश्वासन सोडून सोमवारचं काम दिलं. आमची किट बॅग एका मुलाला उचलत नसे, दोन कड्यांना दोघं लागत. सराव सोमवारी होताच. वयोगट ओलांडलेली मुलंही वर्ष संपेपर्यंत नेटवर येणार होती, लहानांना गोलंदाजी टाकायला. त्यामुळे ही ओळ चौदाही मुलांना लागू होती. आणि शेवटी प्रश्न असल्यामुळे वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. टाळ्या पडल्या असत्या तर ते पुन्हा परिपाठासारखं झालं असतं.

कुठे आणि कधी वाचायचं याला कवितेइतकंच महत्त्व आहे. मी दुसऱ्यांदा वाचलं ते सामन्यानंतर चौथ्या दिवशी, सराव संपल्यावर, मैदानाच्या कडेला, फक्त चौदा मुलं आणि क्रीडाशिक्षक यांच्यासमोर. पहिल्या एक-दोन दिवसांत मुलं शेवटचा चेंडूच पुन्हा पुन्हा बघत असतात, त्या वेळी ब्याण्णवचा आकडा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आठवडा उलटला की विषय शिळा होतो आणि कविता जखम पुन्हा उघडते. तुमचा शनिवार त्या दृष्टीनं ठीक आहे. मुख्याध्यापकांनी परिपाठात वाचायला सांगितलं असेल तर त्यांना माझा अनुभव सांगून जागा बदलून घ्या. ते ऐकणार नसतील तर परिपाठात संघाचं अभिनंदन करणारं दोन मिनिटांचं साधं गद्य वाचा आणि कविता संघासाठी ठेवा. वीस ओळी सावकाश वाचल्या तरी सव्वा मिनिटात होतात. त्याहून लांब करू नका. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर पाठवूच नका. तिथे ती संघाची राहत नाही.

वाचून झाल्यावर आमच्या इथे फार काही घडलं नाही. मुलं उठली, कुणीतरी स्टंप गोळा केले. तो अकरावा मुलगा मागे थांबला आणि म्हणाला, "सर, खरंच ब्याण्णव होते?" मी वही काढून पट्टा दाखवला. त्यानं नवव्या गड्याखालच्या आकड्यावर बोट ठेवलं, मग शेवटच्या ११४ वर, आणि ओठांतल्या ओठांत वजाबाकी केली. सोमवारी किट बॅगेचं एक कडं त्याच्या हातात होतं. दुसरं त्याच्या त्या जोडीदाराच्या.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याचं प्रकरण माझ्यापेक्षा एका बाबतीत अवघड आहे, कारण स्कोअरबुकात सुटलेल्या झेलाला रकानाच नसतो. घेतलेला झेल फलंदाजाच्या नावापुढे लागतो, सुटलेला कुठेच लागत नाही. हे त्याला सांगण्यासारखं आहे. ज्या गोष्टीनं तो घरी बसलाय ती सामन्याच्या अधिकृत नोंदीत नाहीच, तिथे त्या चेंडूवर किती धावा निघाल्या एवढंच आहे. पण याचा दुसरा अर्थ असा की त्यानं अडवलेल्या धावाही वहीत सापडणार नाहीत. म्हणून आधी वहीत त्याचं नाव शोधा. झेल घेणारा म्हणून, गोलंदाज म्हणून, फलंदाज म्हणून, फक्त या सामन्यात नाही तर उपांत्य सामन्यातही. एखादं निर्धाव षटक, एखादी छोटी भागीदारी मिळाली तर तेच तुमचं तिसरं कडवं. शिवाय दोन गड्यांनी हरलात म्हणजे समोरच्यांचे आठ गडी गेले होते. ते कसे गेले हेही वहीत आहे, त्यात बाकीच्या मुलांच्या ओळी मिळतील. वहीत काहीच नसेल तर यष्टिरक्षकाला विचारा, सगळं मैदान त्याच्या समोर असतं.

झेलाबद्दल लिहायचं की नाही हे झेल कसा होता यावर ठरवा. तो धावत जाऊन घ्यायचा कठीण झेल असेल तर असं काही लिहिता येईल:

चेंडू उंच गेला तेव्हा
ऊन होते डोळ्यांवर,
एकटाच धावला तो,
झेप उणी वीतभर.

पण ऊन खरंच समोर होतं का, तो खरंच धावला का, हे क्रीडाशिक्षकांना विचारून खात्री करा. चेंडू सरळ हातात येऊन निसटला असेल तर ऊन आणि झेप आणू नका. त्याला आणि संघाला खरं माहीत आहे, आणि खोटा बचाव त्याला आणखी एकटा पाडेल. सोप्या झेलाच्या बाबतीत ओळ लिहूच नका. पहिल्या कडव्यात धावा आणि चेंडू सांगा, झेलावरून पुढे जा, आणि त्याचं दुसरं काम पुढच्या कडव्यात आणा.

आणि शनिवारच्या आधी एकदा त्याच्या घरी जा. सोबत क्रीडाशिक्षक असतील तर चांगलं, स्कोअरबुक मात्र असायलाच हवं. त्याच्या आईवडिलांशी नंतर बोला, आधी त्याच्याबरोबर वही उघडून बसा. सुटलेला झेल कुठे लिहिलाय ते त्यालाच शोधायला सांगा. मग त्याचं कडवं त्याला दाखवा आणि विचारा, "हे वाचू का रे?" तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर ते कडवं खोडा आणि बाकीची कविता वाचा. आणि तो शनिवारी येणार नसेल, तर तो येईल त्या दिवसापर्यंत कविता दप्तरात ठेवा.